बेचाळीस मिनिटांनी बंद पडणारा आवाज: वर्गातील स्पीकरच्या तक्रारीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

आठवीच्या एका वर्गातली ही गोष्ट आहे. वर्ग लांबट, विद्यार्थी पन्नासच्या वर. फळ्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर एकेक स्पीकर, फळ्याशेजारच्या लाकडी कपाटात ऍम्प्लिफायर आणि बाईंच्या साडीला लावायचा बिनतारी कॉलर माईक, अशी व्यवस्था दोन वर्षे सुरळीत चालली होती. शेवटच्या बाकांवर आवाज कमी पोचतो म्हणून २ ऑगस्टला मागच्या भिंतीवर तिसरा स्पीकर बसवला. पहिले दहा दिवस सगळे खूश होते.

मी त्याच शाळेत विज्ञान शिकवतो. पत्र माझे नव्हते, मराठीच्या बाईंचे होते. पहिल्या पत्राने काम झाले नाही तेव्हा त्या माझ्याकडे आल्या आणि दुसरे पत्र आम्ही दोघांनी बसून लिहिले. इथे नावे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

अडचण

१२ ऑगस्टपासून वेळापत्रक बदलले. बाईंचे मराठीचे दोन तास सोमवारी आणि मंगळवारी सलग आले, १०:३० ते ११:४०. गुरुवारी मात्र पस्तीस मिनिटांचा एकच तास राहिला. १२ तारखेला बाई रजेवर होत्या. त्यानंतरच्या पहिल्याच जोडतासाला कविता समजावून सांगत असताना आवाज अचानक गेला. दहा-बारा मिनिटांनी तो आपोआप परत आला. पुढच्या दिवशीही तेच. शिवाय अधूनमधून खरखर यायची, विशेषतः बाई फळ्याकडे वळल्या की.

आवाज गेला की बाई घसा ताणून बोलायच्या. पुढच्या चार बाकांना ते चालून जायचे. मागे बसलेली मुले वहीत शेजाऱ्याचे पाहून लिहायला लागली, आणि बाईंना खटकले ते हे. वर्गात एक मूल श्रवणयंत्र वापरते. श्रवणयंत्र आवाज मोठा करते, पण बोलणारा लांब असला की वर्गातला गोंगाटही त्याच्याबरोबर मोठा होतो. स्पीकर चालू असताना ते मूल प्रश्नांची उत्तरे द्यायचे, बंद पडला की खाली मान घालून बसायचे.

पहिले पत्र आणि त्याचे काय झाले

१९ ऑगस्टला बाईंनी मुख्याध्यापिकांना पत्र दिले. मजकूर चार ओळींचा होता:

"आठवीच्या वर्गातील स्पीकर नीट चालत नाही. आवाज मध्येच जातो, खरखर येते, कधी कधी अजिबात ऐकू येत नाही. विद्यार्थ्यांचे नुकसान होत आहे. तरी त्वरित दुरुस्ती करावी किंवा नवीन संच द्यावा ही विनंती."

मुख्याध्यापिकांनी टाळाटाळ केली नाही. तिसऱ्या दिवशी, २२ ऑगस्टला, दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ आला. तो मधल्या सुट्टीत आला. कपाट उघडून त्याने ऍम्प्लिफायर सुरू केला, माईकमध्ये चार वेळा हॅलो म्हणून पाहिले. तिन्ही स्पीकर खणखणीत वाजले. माईकची बॅटरी उतरलेली दिसली, ती बदलली. नोंदवहीत शेरा पडला: "बॅटरी बदलली, संच सुस्थितीत." तक्रार संपली.

सोमवारी, २५ ऑगस्टला, ११ वाजून १२ मिनिटांनी आवाज पुन्हा गेला.

बाईंना वाटले, आपले कोणी ऐकत नाही. मला ते पत्र वाचल्यावर वेगळेच दिसले. तंत्रज्ञाने पत्रात लिहिले होते तेच तपासले होते. "आवाज जातो, खरखर येते" या एका वाक्यात दोन वेगळे बिघाड एकत्र बांधले गेले होते. त्यातला सोपा, म्हणजे माईकचा, त्याला लगेच सापडल्यासारखा वाटला आणि दुसरा त्याच्यासमोर घडलाच नाही. तो घडायला पाऊण तास लागतो, हे पत्रात कुठेच नव्हते. कारण तोवर बाईंनाही ते ठाऊक नव्हते.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय पुन्हा तेच पत्र जरा कडक शब्दांत लिहिण्याचा होता. बाई त्यासाठी तयार होत्या. मी म्हणालो, "बाई, तंत्रज्ञ पुन्हा मधल्या सुट्टीतच येईल आणि संच पुन्हा सुस्थितीतच सापडेल. दुसऱ्यांदा तसा शेरा पडला की तिसरे पत्र कोणी गंभीरपणे घेणार नाही."

दुसरा पर्याय माझ्या हातातला होता. मल्टिमीटर घेऊन मी स्वतः तारा सोडवून पाहू शकलो असतो. हात शिवशिवत होते, खोटे कशाला सांगू. पण संच शाळेच्या मालकीचा, वीज मुख्य लाईनची, आणि आपण उघडलेल्या यंत्रात नंतर काही झाले तर दोष कोणाचा हा वाद वेगळाच. मी बाहेरून दिसेल-ऐकू येईल तेवढेच पाहायचे ठरवले.

तिसरा पर्याय नवा संच मागण्याचा. पहिल्या पत्रात तो होताच. मला तो चुकीचा वाटत होता, कारण नव्या संचालाही तेच तीन स्पीकर त्याच पद्धतीने जोडले गेले असते.

आम्ही चौथा मार्ग धरला. दोन आठवडे नोंद ठेवायची, मग लक्षणे वेगवेगळी करून, तपासणी कोणत्या वेळी हवी ते सांगून पत्र द्यायचे. बाईंची एकच अट होती, "सर, दोन आठवड्यांच्या पुढे नाही. मुलांना रोज ऐकायचे असते."

नोंद कशी ठेवली

बाईंनी वहीच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखले: संच कधी सुरू केला, आवाज कधी गेला, त्या क्षणी काय दिसले, कधी परत आला. दर वेळी आम्ही एकच गोष्ट बदलून पाहायची असे ठरले, आणि या साध्या शिस्तीमुळेच पुढे उलगडा झाला.

२५ ऑगस्टला संच १०:३० ला सुरू झाला, ११:१२ ला आवाज गेला. कपाट उघडल्यावर ऍम्प्लिफायरवर लाल दिवा लागलेला दिसला. ११:२५ ला आवाज परत आला. दुसऱ्या दिवशी ११:१५ ला गेला. त्या वेळी बाईंनी मोबाईल वायरने थेट ऍम्प्लिफायरला जोडून पाहिला, त्याचाही आवाज येईना. म्हणजे माईकचा संबंध नव्हता. २८ ऑगस्टला, गुरुवारी, एकच तास होता. काहीच झाले नाही.

१ सप्टेंबरला कॉलर माईक बाजूला ठेवून वायरचा माईक वापरला, तरी ११:१० ला आवाज गेला. २ सप्टेंबरला कपाटाचे दार पूर्ण उघडे ठेवले. त्या दिवशी आवाज ११:२८ पर्यंत टिकला, म्हणजे चाळीस-पंचेचाळीसऐवजी अठ्ठावन्न मिनिटे. ४ सप्टेंबरला पुन्हा एकच तास. आवाज गेला नाही, पण बाई फळ्याकडे वळल्या की खरखर येत होती, नवी बॅटरी असूनही.

या सहा दिवसांतून चित्र स्पष्ट होऊ लागले. बिघाड घड्याळाच्या वेळेवर नव्हता, किती वेळ सलग चालले त्यावर होता. दार उघडे ठेवल्यावर तो उशिरा झाला, पण टळला नाही. म्हणजे ऍम्प्लिफायर तापत होता आणि जळू नये म्हणून स्वतःच आवाज तोडत होता. लाल दिवा त्याचाच. दोन वर्षे न तापणारा ऍम्प्लिफायर आताच का तापावा? मधल्या काळात संचात एकच मोठा बदल झाला होता, तो म्हणजे तिसरा स्पीकर.

आपल्या वाचकांपैकी अनेकांना हे नवे असेल म्हणून थोडे सावकाश सांगतो. भिंतीवरच्या प्रत्येक स्पीकरवर ८ ओहम असे छापलेले होते. हा त्याचा विजेला होणारा अडथळा. स्पीकर एकमेकांना समांतर जोडले की विजेला जायला जास्त वाटा मिळतात आणि एकूण अडथळा कमी होतो. दोन स्पीकरचा ४ ओहम होतो, तीनचा सुमारे २.७. आमच्या ऍम्प्लिफायरच्या मागे किमान ४ ओहम असे लिहिलेले होते. दोन स्पीकर म्हणजे अगदी काठावर. तिसरा आला आणि काठ ओलांडला. कमी अडथळ्यातून जास्त वीज वाहते, ऍम्प्लिफायरच्या आतले भाग जास्त तापतात. पाच मिनिटांच्या चाचणीत आवाज उलट चांगलाच येतो, कारण तापायला अजून वेळच मिळालेला नसतो. म्हणूनच पहिले दहा दिवस, सगळे तास सुटे असताना, कोणाला काही जाणवले नाही.

पत्र लिहिताना अडलेल्या तीन जागा

मला हे सगळे गणित पत्रात घालायचे होते. बाईंनी पेन खाली ठेवले. "मॅडम भूगोलाच्या आहेत. हे पत्र त्या वाचणार, तंत्रज्ञ नंतर वाचणार. पत्रात जे घडले ते असू दे, गणित सोबतच्या कागदावर." त्यांचे बरोबर होते. निदान ठामपणे लिहिले असते तर तंत्रज्ञालाही ते लागले असते, आणि माझे निदान चुकले असते तर बाकीच्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडाला असता. शेवटी तिसऱ्या स्पीकरची शंका आम्ही "तपासावे" या शब्दात मांडली.

दुसरी जागा नाजूक होती. तिसरा स्पीकर नेहमीच्या तंत्रज्ञाने नव्हे, दुसऱ्याच कोणी बसवला होता, आणि तो बसवावा ही सूचना मुख्याध्यापिकांचीच होती. पत्रात "बसवण्यात आला" एवढेच लिहिले, तारखेसह. तारीख असली की ज्याला समजायचे त्याला समजते.

तिसरी जागा त्या मुलाची. श्रवणयंत्राचा उल्लेख केला असता तर पत्राला वजन आले असते. पण हे पत्र आवक नोंदवहीतून, कारकुनाच्या टेबलावरून, तंत्रज्ञाच्या हातापर्यंत जाणार होते. पन्नास मुलांच्या वर्गात "एक विद्यार्थी" म्हटले तरी कोण ते सगळ्यांना कळते. बाईंनी पत्रात मागच्या तीन बाकांविषयी लिहिले आणि मुलाविषयी मॅडमना त्यांच्या खोलीत जाऊन सांगितले.

दुसरे पत्र

दि. ६ सप्टेंबर

प्रति,
मा. मुख्याध्यापिका

विषय: आठवीच्या वर्गातील स्पीकर संच सलग वापरात बंद पडत असल्याबाबत व वापराच्या वेळेतच तपासणी होण्याबाबत.

संदर्भ: माझे दि. १९ ऑगस्टचे पत्र, दि. २२ ऑगस्टच्या तपासणीचा नोंदवहीतील शेरा.

महोदया,

वरील पत्रानुसार दि. २२ ऑगस्ट रोजी संचाची तपासणी होऊन माईकची बॅटरी बदलण्यात आली. त्यानंतरही संच बंद पडत आहे. माझ्या पहिल्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र लिहिल्या गेल्या होत्या. त्या इथे स्वतंत्रपणे मांडते.

पहिली तक्रार आवाज पूर्ण बंद होण्याची आहे. दि. २५ व २६ ऑगस्ट आणि दि. १ सप्टेंबर रोजी संच १०:३० ला सुरू केल्यावर ४० ते ४५ मिनिटांत तिन्ही स्पीकरचा आवाज एकाच वेळी गेला. त्या वेळी ऍम्प्लिफायरवर लाल दिवा लागलेला होता आणि कपाटाच्या आत हाताला चांगलीच ऊब जाणवत होती. सुमारे १२ मिनिटांनी आवाज आपोआप परत आला. माईकऐवजी मोबाईल जोडूनही आवाज आला नाही. दि. २ सप्टेंबर रोजी कपाटाचे दार उघडे ठेवले असता संच ५८ मिनिटे चालला व नंतर बंद पडला. एकच तास असलेल्या दिवशी, दि. २८ ऑगस्ट व ४ सप्टेंबर रोजी, तो बंद पडला नाही. दि. २ ऑगस्टला तिसरा स्पीकर बसवण्यात आला, त्यापूर्वी असा अनुभव नव्हता.

दुसरी तक्रार खरखरीची आहे. कॉलर माईक वापरताना मान किंवा खांदा वळवला की खरखर येते. वायरच्या माईकवर ती येत नाही.

आवाज बंद असताना मागच्या तीन बाकांवरील विद्यार्थ्यांना श्रुतलेखन व प्रश्न नीट ऐकू येत नाहीत.

तरी पुढील व्यवस्था व्हावी ही विनंती. तपासणी सोमवारी किंवा मंगळवारी १०:३० ते ११:४० या वेळेत, तास चालू असताना व्हावी, कारण बिघाड त्याआधी दिसत नाही. तिन्ही स्पीकर मिळून ऍम्प्लिफायरवर येणारा भार मोजावा आणि तो मर्यादेबाहेर असल्यास जोडणी बदलावी. कपाटात हवा खेळती राहील अशी सोय व्हावी. कॉलर माईकच्या क्लिपपासून त्याच्या ट्रान्समीटरपर्यंतची तार स्वतंत्रपणे तपासावी. नवीन संचाची माझी पूर्वीची मागणी मी मागे घेत आहे; तपासणीनंतर गरज दिसल्यास त्याचा विचार व्हावा. दुरुस्ती होईपर्यंत सभागृहातील सुटा स्पीकर जोडतासांपुरता मिळावा.

आपली विश्वासू,
(वर्गशिक्षिका, आठवी)

सोबत: सहा दिवसांच्या नोंदीचे पान, स्पीकर जोडणीविषयी टिपण.

तपासणी आणि दुरुस्ती

मॅडमनी पत्रावर हाताने लिहिले, "पत्रातील वेळेतच तपासणी." मला तर तो एक शेरा म्हणजे अर्धी दुरुस्तीच वाटली. सुटा स्पीकरही त्याच दिवशी मिळाला.

९ सप्टेंबरला, मंगळवारी, तोच तंत्रज्ञ १०:२५ ला आला आणि मागच्या बाकावर बसला. ११:१३ ला आवाज गेला. तो उठला, कपाट उघडले, लाल दिवा पाहिला आणि बाईंना म्हणाला, "मागच्या वेळी मी थांबायला हवे होते." त्याने संच बंद करून स्पीकरच्या तारा सोडवल्या आणि मीटर लावला. तिन्ही स्पीकर मिळून २.२ ओहम. इथे एक बारकावा आहे. मीटर स्पीकरच्या वेटोळ्याचा फक्त एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेला होणारा अडथळा मोजतो, आणि तो छापलेल्या आकड्यापेक्षा कमीच येतो. आमचा ८ ओहमचा एकेक स्पीकर साडेसहाच्या आसपास दाखवत होता, म्हणून तिघांचे २.२ हे अपेक्षेप्रमाणेच होते. तिसऱ्याची तार काढल्यावर ३.३ आले, म्हणजे दोन ८ ओहमचे स्पीकर समांतर.

त्याने तिसरा स्पीकर सोडवून ठेवला, ऍम्प्लिफायरच्या झरोक्यांवर ठेवलेला वह्यांचा गठ्ठा काढला आणि कपाटाच्या दारात जाळी बसवायला सांगितले. पुढच्या सोमवारी संच सत्तर मिनिटे न थांबता चालला.

पण मागच्या बाकांचा मूळ प्रश्न परत आला, ज्यासाठी तिसरा स्पीकर लावला होता तोच. यावर तंत्रज्ञाने सुचवलेली तोड मला फार आवडली: एक कमी करण्याऐवजी एक वाढवायचा. चार स्पीकर घ्यायचे, दोन-दोन एकापाठोपाठ जोडायचे आणि त्या दोन जोड्या समांतर. एका जोडीचा अडथळा १६ ओहम, दोन जोड्या मिळून ८. ऍम्प्लिफायरला पूर्वीच्या दोन स्पीकरपेक्षाही हा भार हलका. आवाजाची कळ थोडी जास्त फिरवावी लागते, एवढाच फरक. शाळाभर किंवा लांबच लांब तारांवर स्पीकर लावायचे असते तर प्रत्येक स्पीकरला छोटा ट्रान्सफॉर्मर असलेली १०० व्होल्ट लाईनची पद्धत घ्यावी लागली असती. एका वर्गासाठी ते अनावश्यक होते. २० सप्टेंबरला चौथा स्पीकर लागला.

कॉलर माईकची तार क्लिपजवळ आतून तुटलेली निघाली. माईक बदलला, खरखर गेली.

काय वेगळे करता आले असते

सर्वात मोठी चूक माझ्या मते नोंदीच्या दोन आठवड्यांत झाली. २ सप्टेंबरच्या संध्याकाळी आम्हाला तिसऱ्या स्पीकरचा दाट संशय होता. तरीही ऍम्प्लिफायर त्याच भारावर वापरत राहिलो. आपोआप बंद होण्याची सोय होती म्हणून तो वाचला. ती नसलेला एखादा जुना ऍम्प्लिफायर असता तर जळला असता. नोंद पूर्ण होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी दोन ओळींची चिठ्ठी देऊन, तिसरा स्पीकर तात्पुरता सोडवून घेण्याची विनंती करायला हवी होती.

दुसरे, सुट्या स्पीकरची मागणी पहिल्याच पत्रात हवी होती. ती मागायला काही निदान लागत नव्हते. ती उशिरा सुचल्यामुळे मागच्या बाकांचे तीन आठवडे गेले.

तिसऱ्या गोष्टीबद्दल अजून माझे मत पक्के झालेले नाही. तंत्रज्ञाने एकाच वेळी स्पीकर काढला आणि वह्यांचा गठ्ठाही हलवला. त्यामुळे उष्णतेत कोणाचा वाटा किती, हे आम्हाला कधीच नेमके कळणार नाही. दार उघडे ठेवूनही संच बंद पडला होता, त्यावरून भार हेच मुख्य कारण असावे असे मी धरतो. पण गठ्ठा काढून स्पीकर तसाच ठेवला असता तर सत्तर मिनिटे निघाली असती का, हे एका तासात पाहता आले असते. वर्गाच्या दृष्टीने तंत्रज्ञाने केले ते योग्यच होते. माझ्यातल्या विज्ञानाच्या शिक्षकाला मात्र ती एक चाचणी राहून गेली असे वाटते.

बाईंचे मत वेगळे आहे. त्यांच्या लेखी पहिल्या पत्रातली खरी उणीव "मध्येच" या शब्दात होती. "मध्येच म्हणजे कधी, हे लिहायला घड्याळाकडे एकदा पाहायचे होते," असे त्या म्हणाल्या. तेव्हापासून शाळेच्या तक्रार वहीत दोन रकाने वाढले आहेत: बिघाड किती वेळाने दिसतो, आणि तपासणी कोणत्या वेळी करावी.

कपाटाच्या दाराला आतून आता एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर चार स्पीकरची जोडणी काढलेली आहे आणि खाली बाईंच्या अक्षरात लिहिले आहे: पाचवा स्पीकर जोडण्याआधी भार मोजून घ्यावा, आणि या कपाटावर किंवा आत वह्या ठेवू नयेत.